कार्यक्रम नको, जोडी लावा

पत्र

मी चौथीची वर्गशिक्षिका आहे. शाळेजवळच्या वृद्धाश्रमात यंदा मुलांना घेऊन गेले. मुलांनी गाणी म्हटली, नाच केला, स्वतः केलेली भेटकार्डं दिली. आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात सांगायला लागली, ‘तिथे वास येतो’, ‘एक आजोबा झोपलेलेच होते’, ‘एका आजींनी माझा हात सोडलाच नाही, मला भीती वाटली’. दोन पालकांनी विचारलं, यातून मुलांना मिळालं काय? मुख्याध्यापिका म्हणतात, दरवर्षी करू. मला प्रश्न पडलाय, याचा खरंच काही फायदा असतो, की आपलंच समाधान?

– एक शिक्षिका

उत्तर

बाई, नमस्कार.

तुमच्या मुलांनी जे सांगितलं ते खरं सांगितलं, आणि तुम्ही ते दडपून न टाकता लिहून पाठवलंत हे बरं झालं. अशी भेट मुलांच्या मनातली म्हातारपणाची प्रतिमा सुधारण्याऐवजी बिघडवू शकते, हे अभ्यासकांच्याही लक्षात आलेलं आहे. कॅरल सीफेल्ट या अमेरिकी संशोधिकेने 1987 मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शुश्रूषागृहात थकलेल्या, आजारी वृद्धांना भेटायला जाणाऱ्या मुलांची वृद्धांबद्दलची मतं, न जाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त नकारात्मक निघाली. तेव्हा ‘नेलं की झालं’ हे खरं नाही. कशासाठी नेलं आणि तिथे दोघांनी मिळून काय केलं, यावर सगळं अवलंबून आहे.

गाण्यांच्या कार्यक्रमात काय होतं ते बघा. मुलं एका बाजूला उभी, वृद्ध दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर ओळीने. मुलं देणारी, वृद्ध घेणारे. वृद्धांच्या वाट्याला काम एकच, टाळ्या वाजवणं. त्यातून मुलांना दिसतात ते फक्त सुरकुतलेले हात, मिटलेले डोळे आणि चाकाची खुर्ची. माणूस दिसायला वेळच मिळत नाही. त्यात वयानुसार कान जातात ते आधी उंच पट्टीच्या आवाजांना, म्हणजे ‘स’, ‘फ’सारख्या व्यंजनांना. मुलांचा आवाज मुळात उंच, दालनात प्रतिध्वनी, वर ध्वनिवर्धक. श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला त्या गोंगाटात शब्द सुटा ऐकूच येत नाही. जे आजोबा ‘झोपलेलेच होते’, त्यांनी कंटाळून डोळे मिटले असण्याची शक्यता बरीच आहे.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये, दोन गटांमधले पूर्वग्रह संपर्काने केव्हा कमी होतात याच्या अटी मांडल्या होत्या. त्या वेळचा त्याचा विषय वंशभेद होता, पण अटी इथेही चपखल बसतात. दोघांचा दर्जा त्या प्रसंगापुरता सारखा हवा, उद्दिष्ट समान हवं, ते एकमेकांच्या मदतीने गाठायचं हवं आणि संस्थेचा पाठिंबा हवा. तुमच्या भेटीत चौथी अट पूर्ण झाली होती, पहिल्या तिन्ही नव्हत्या. एवढंच झालंय. मुलांचा दोष नाही, वृद्धाश्रमाचाही नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की पुढच्या वर्षी पूर्ण वर्ग नेऊ नका. बारा मुलं आणि सहा वृद्ध घ्या. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्याच जोड्या, पाऊण तास, आठ आठवडे. एका वृद्धाबरोबर दोन मुलं. दोन अशासाठी, की एका मुलावर बोलत राहण्याचं ओझं येत नाही, आणि एखादा आजारी पडला तर आजोबा वाट बघत एकटे बसत नाहीत. वर्गातल्या बाकीच्या मुलांना पुढच्या सत्रात घ्या. सगळ्यांना एकदम न्यायचा मोह होईल, पण जोडी टिकणं हीच यातली खरी गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात अवघडलेपण असतं, दुसऱ्यात नाव लक्षात राहतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वृद्ध माणूस मुलं यायच्या आधी तयार होऊन बसायला लागतो. तिथपर्यंत पोचायच्या आत कार्यक्रम संपला, तर तो झाला नाही असंच समजा.

आता काम कोणतं? ‘गप्पा मारा’ असं सांगून सोडलंत, तर दोन मिनिटांत दोघंही गप्प होतात. दोघांच्या मध्ये टेबलावर काहीतरी असावं, आणि ते वृद्धाच्या माहितीशिवाय पुरं होऊ नये. मला आजवर सगळ्यात उपयोगी वाटलेलं काम म्हणजे घराचा नकाशा. मोठा कोरा कागद, जाड पेन्सिली, खोडरबर. वृद्ध माणूस लहानपणी ज्या घरात राहिला त्या घराचा आराखडा मुलांनी काढायचा, आणि त्याने सांगायचा. बाहेरचं दार कुठे, आत शिरल्यावर उजव्या हाताला काय, कोण कुठे झोपायचं, दिवा कुठे असायचा, लपायची जागा कोणती.

या कामात बरंच काही आपोआप जुळून येतं. दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत ठळक राहतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळलेलं आहे. त्यामुळे ‘काल काय केलंत?’ याला उत्तर न देणारा माणूस ‘खिडकी कोणत्या भिंतीत होती?’ याला लगेच उत्तर देतो. शिवाय त्या घराबद्दल जगात सगळ्यात जास्त माहिती त्या क्षणी त्यालाच असते, तिथे शिक्षिकाही अडाणी. मूल चुकीची रेघ ओढतं, आजोबा म्हणतात, ‘अरे, तिथे नाही, त्याच्या अलीकडे,’ आणि देणारा-घेणारा हे नातं एका वाक्यात उलटं होतं. नजर कागदावर असल्यामुळे मध्येच शांतता पसरली तरी ती टोचत नाही.

मी पाहिलेली एक जोडी सांगते. आजोबा पूर्वी शिवणकाम करायचे. पहिल्या दिवशी ‘मला काही आठवत नाही’ म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं. एका मुलीने त्यांना न विचारताच कागदाच्या मधोमध एक मोठा चौकोन काढला आणि दार घातलं. आजोबांनी बराच वेळ तो चौकोन पाहिला. मग हातातला रुमाल बाजूला ठेवून म्हणाले, ‘एवढं मोठं घर कुणाचं होतं गं? अर्धं कर.’ तिने खोडलं. परत मोठंच काढलं. त्यांनी तिच्या हातून पेन्सिल घेतली, टेबलाची कड बोटाने मोजली आणि कापडावर खूण करावी तशा दोन बारीक रेघा मारल्या. ‘इथून इथपर्यंत. यात आम्ही सात जण.’ मुलीने विचारलं, ‘मग पाय कसे पसरायचे?’ त्यावर आजोबांनी झोपायची रांग काढून दाखवली, कोणाचं डोकं कुठे आणि कोणाचे पाय कुठे, आणि दोन्ही मुलं त्या रांगेत आपापल्या घरातली माणसं बसवून बघायला लागली. त्यानंतर पाऊण तास पुरला नाही.

त्या मुलीला त्या दिवशी काय मिळालं, असं पालकांनी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगेन. एक, तिने प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढला. मुलाखतीचा धडा फळ्यावर शिकवताना हे सहसा जमत नाही, कारण वर्गात उत्तर आधीच सगळ्यांना माहीत असतं. दुसरी गोष्ट लांबची आहे. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या दृष्टीने पाहणारी माणसं, वाईट दृष्टीने पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली असं दिसलं. हा दोन गोष्टींमधला संबंध आहे, दृष्टीमुळेच आयुष्य वाढलं असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण म्हातारपणाबद्दलची मतं लहानपणीच मनात शिरतात आणि पुढे तीच आपल्या स्वतःला लागू होतात, हा लेव्हींच्या मांडणीचा गाभा आहे. चौथीतल्या मुलाच्या मनात ‘म्हातारा म्हणजे झोपलेला माणूस’ एवढंच चित्र राहू नये, याला ते एक कारण पुरेसं आहे. मार्क वाढतील, असं मात्र पालकांना सांगू नका. आठ आठवड्यांच्या पाऊण तासांनी गुण वाढतात असा दावा मी कधीच करणार नाही.

मोठ्यांच्या बाजूचा फायदा वेगळा असतो. वृद्धाश्रमात माणसाचं खाणं, औषध, अंघोळ सगळं वेळेवर होतं, पण त्याच्याकडे कुणी काही मागायला येत नाही. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने प्रौढ वयातली एक गरज सांगितली आहे, पुढच्या पिढीला आपल्याकडचं काहीतरी द्यावं ही. नकाशा काढताना ती भागते, टाळ्या वाजवताना भागत नाही. एकटेपणा यातून नाहीसा होतो असं नाही. आठवड्याचा पाऊण तास हा आठवड्याचा पाऊण तासच असतो. पण त्या दिवसाची वाट पाहिली जाते, हे कर्मचारी तुम्हाला सांगतील.

काही ठिकाणी हे रोजचंच केलेलं आहे. अमेरिकेत सिएटलमधल्या प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंट या वृद्धनिवासात 1991 पासून लहान मुलांचं पाळणाघर आहे. ओक्लाहोमा राज्यातल्या जेंक्स गावात एका शुश्रूषागृहातच बालवर्ग भरतात आणि तिथले रहिवासी मुलांचं वाचन ऐकतात. लंडनमध्ये नाइटिंगेल हाउस या वृद्धनिवासाच्या आवारात 2017 मध्ये बालवाडी सुरू झाली. तुम्हाला एवढं करायचं नाही. फक्त एक लक्षात घ्या, या सगळ्या ठिकाणी मुलं आणि वृद्ध एकमेकांच्या रोजच्या दिवसाचा भाग आहेत. कुणी कुणासाठी कार्यक्रम ‘सादर’ करत नाही.

आता वृद्धांची निवड. व्यवस्थापकांना म्हणा, ‘ज्यांना यायचंय त्यांनाच विचारून आणा.’ हे वाटतं तितकं साधं नाही. बऱ्याच ठिकाणी जे खुर्चीवर बसू शकतात त्या सगळ्यांना दालनात आणून ठेवायची पद्धत असते. एखाद्या आजींना मुलांचा कलकलाट सहनच होत नसेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावं, तिसऱ्यांदा नाही. वेळ सकाळची ठेवा, न्याहारी आणि अंघोळ आटोपल्यानंतर. दुपार कलायला लागली की स्मृतिभ्रंश असलेल्या काही माणसांची अस्वस्थता वाढते. ती येरझाऱ्या घालतात, घरी जायचं म्हणतात. शाळा सुटल्यावर नेणं तुम्हाला सोयीचं असलं तरी ती नेमकी चुकीची वेळ आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना वगळू नका, पण मुलांना आधी नीट सांगा. सांगायचं कसं, तर साध्या शब्दांत: आजींच्या मेंदूला आजार आहे, त्यामुळे त्यांना आत्ताची गोष्ट लक्षात राहत नाही. त्या तोच प्रश्न पुन्हा विचारतील, तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय असं उत्तर द्यायचं. ‘अहो, आत्ताच तर सांगितलं’ म्हणायचं नाही. त्या तुम्हाला दुसऱ्याच नावाने हाक मारतील, मारू द्या. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर पचवतात. त्यांचा खरा प्रश्न पुढचा असतो: ‘आम्ही आलेलो त्यांना आठवतच नाही, मग जायचं कशाला?’ याला चांगलं उत्तर आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये अल्झायमर असलेल्या लोकांना आनंदाची आणि दुःखाची दृश्यं दाखवली. काय पाहिलं ते ते थोड्याच वेळात विसरले, पण पाहून आलेली भावना मात्र त्यानंतरही टिकून राहिली. म्हणजे तुमचा विद्यार्थी निघून गेल्यावर आजींना तो आठवणार नाही, पण छान वाटणं काही काळ उरेल. त्यांना का छान वाटतंय हे ठाऊक नसेल, इतकंच.

अशा आजी-आजोबांसाठी नकाशा अवघड गेला, तर हाताला सवय असलेलं काम द्या: दोरा गुंडाळणं, गुंड्या रंगांप्रमाणे वेगळ्या करणं, कापडाच्या घड्या घालणं. कॅमेरॉन कॅम्प या मानसशास्त्रज्ञाने माँटेसोरी पद्धतीची साधनं स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी वापरली, आणि अशा वृद्धांनी लहान मुलांना ती शिकवण्याचे प्रयोगही केले. हातांनी करायच्या कामांची आठवण बाकीच्या आठवणींपेक्षा जास्त काळ टिकते, त्यावरच हे उभं आहे. घडी कशी घालायची हे आजींनी दाखवायचं आणि मुलाने शिकायचं. उलट करू नका.

तुमच्या वर्गातल्या मुलाला वाटलेली भीती मी हलक्यात घेत नाही. वासाबद्दल, लाळ गळण्याबद्दल, घट्ट पकडलेल्या हाताबद्दल आधी बोला. ‘काही जणांना स्वच्छतागृहापर्यंत वेळेत पोचता येत नाही, म्हणून कधी कधी वास येतो’ हे वाक्य वर्गात म्हणायला आपल्यालाच संकोच वाटतो, मुलांना नाही. हात धरला आणि नको वाटलं तर काय करायचं, तेही ठरवून द्या. दुसऱ्या हाताने आजींच्या हातावर हलकेच थाप मारायची आणि बाईंना हाक मारायची. मिठी मारलीच पाहिजे, पाया पडलंच पाहिजे असा आग्रह एकदाही नको. प्रत्येक तीन जोड्यांमागे एक मोठं माणूस हवं, आणि त्यात वृद्धाश्रमाचा निदान एक कर्मचारी हवा, ज्याला प्रत्येकाचं ऐकणं, पाहणं, स्वभाव माहीत आहे. तो बाजूला उभा राहून फोनवर असला तर उपयोग नाही. जोडी अडली की वाकून एक प्रश्न पेरायचा आणि निघून जायचं, एवढंच त्याचं काम. बसताना मुलांना वृद्धांच्या समोर, उजेड मुलांच्या तोंडावर पडेल असं बसवा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना ओठ दिसावे लागतात. ओरडायला मुळीच सांगू नका, ओरडलं की शब्द आणखी फाटतात. जरा खालच्या पट्टीत, हळू.

आजारपणाच्या बाबतीत मात्र कडक राहा. उलट्या-जुलाब झालेलं मूल ते थांबल्यापासून पूर्ण 48 तास होईपर्यंत न्यायचं नाही, कारण मुलांमध्ये एक ते तीन दिवसांत बरा होणारा नोरोव्हायरस वृद्धाश्रमात पसरला तर जिवावर बेतू शकतो. आत शिरताना साबण-पाण्याने हात धुवा, या विषाणूवर अल्कोहोलचं जेल पुरेसं काम करत नाही. ताप, खोकला, पुरळ असेल तर घरी. उलट दिशेचंही एक आहे: एखाद्या वृद्धाला नागीण झाली असेल आणि फोड उघडे असतील, तर कांजिण्या न झालेल्या आणि लसही न घेतलेल्या मुलाला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. अशा वृद्धाचं त्या आठवड्याचं भेटणं टाळा.

दोन गोष्टी सहसा कुणी ठरवत नाही. शेवट कधी, हे पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंना सांगा, आणि भिंतीवर आठ चौकोनांचा कागद लावून दर वेळी एक भरा. सुट्टी लागली म्हणून मुलं अचानक यायची थांबली, तर ज्यांच्या आयुष्यातून आधीच बरीच माणसं न सांगता गेलेली आहेत त्यांना ते फार लागतं. दुसरं, आठ आठवड्यांत एखादे आजोबा जाऊ शकतात. तसं झालं तर ‘ते गावाला गेले’ म्हणू नका. पालकांना आधी कळवा, मग दोन्ही मुलांना बाजूला घेऊन सांगा की ते वारले. मुलांनी काढलेला नकाशा कुणाकडे राहावा, हे मुलांना आणि आजोबांच्या घरच्यांना ठरवू द्या.

साध्य झालं की नाही, हे पाहायला मोठी प्रश्नावली लागत नाही. सुरू करण्याआधी बाराही मुलांना म्हाताऱ्या माणसाचं चित्र काढायला आणि त्याखाली तीन शब्द लिहायला सांगा. आठव्या आठवड्यानंतर तेच पुन्हा. पहिल्या चित्रात काठी, चष्मा आणि वाकलेली पाठ सगळ्यांची सारखीच येते. दुसऱ्या वेळी त्या जागी विशिष्ट माणूस आला, त्याचा स्वेटर, त्याची खोड आली, तर जमलं. तिकडे कर्मचाऱ्यांना एवढंच टिपायला सांगा, की कोण स्वतःहून येऊन बसलं, कोण मध्येच उठून गेलं आणि कोणी बाकीच्या दिवशी मुलांबद्दल विचारलं. दोन-तीन आठवडे सलग एखादी जोडी नुसती बसून राहत असेल, तर जोडी बदलण्याआधी काम बदलून पाहा.

फोटोंबद्दल शेवटचं. मुलांच्या पालकांची लेखी परवानगी तुम्ही घेतच असाल. तशीच प्रत्येक वृद्धाची, त्यांच्या स्वतःच्या तोंडून घ्या. त्यांना समजत नसेल तर घरच्यांकडून घ्या, आणि मिळाली नाही तर कॅमेरा पिशवीतच ठेवा. पहिले तीन आठवडे तर तो नेऊच नका.